स्कॉलरशिप मिळाली, त्यावर सगळे विचारतात ते प्रश्न (एकदाच लिहून टाकते)

निकाल लागल्यापासून फोन आणि मेसेज थांबत नाहीयेत, काकूपासून ते आठवीत सोबत असलेल्या पोरीपर्यंत सगळे तेच ते विचारतायत. प्रत्येकाला वेगळं सांगून थकले, म्हणून इथं एका जागी लिहिते. मी अमळनेर तालुक्यातली, घरी चार एकर कोरडवाहू कापूस, आता नाशिकला एका प्रायव्हेट कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओबीसीतून कॅप राउंडनं अॅडमिशन झालेलं. लहान भाऊ नववीला.

नेमकं काय मिळालं? आकडा सांग ना.

वर्षाला ४०,००० रुपये, दोन हप्त्यात, वीस वीस हजार. डिग्री होईपर्यंत, पण दर सेमिस्टरला मार्कशीट पाठवायची. सरकारी नाही ही, आमच्या भागातल्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या एका ट्रस्टची आहे. ट्रस्टचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण ते फक्त आमच्या भागातली मुलं घेतात आणि फॉर्म शाळा-कॉलेजातूनच देतात, मागे कोणीतरी नाव फिरवलं तर त्यांना चार जिल्ह्यांतून फोन आले आणि बिचारे दोन जण ऑफिस सांभाळणारे वेडे व्हायची वेळ आली. पण खाली जे सांगतेय ते अशा कुठल्याही देणगीवर चालणाऱ्या स्कॉलरशिपला लागू पडेल.

मुलींना तर फी माफ झाली ना? मग तुला स्कॉलरशिप कशाला लागते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि गंमत म्हणजे ट्रस्टवाल्यांनीही मला हाच विचारला होता. तर नीट सांगते.

जुलै २०२४ मध्ये सरकारनं जीआर काढला, २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून अॅडमिशन घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखापर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ५० टक्के होतं, मुलांना अजूनही ५० टक्केच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं असेल तर मिळत नाही. आणि माफ झालं म्हणजे आपोआप होत नाही हं, दरवर्षी mahadbt.maharashtra.gov.in वर फॉर्म भरावाच लागतो, माझ्या वर्गातल्या एका पोरीनं "माफ आहे ना" म्हणून भरलाच नाही आणि मग कॉलेजच्या काउंटरवर रडत बसली.

आता मुद्दा असा की माफ काय होतं, तर शिक्षण शुल्क. विकास शुल्क म्हणून वेगळं घेतात ते माफ नाही. राहणं नाही, मेस नाही, पुस्तकं नाहीत. म्हणजे फीच्या पावतीवर सगळ्यात मोठा आकडा जातो हे खरं, पण घराबाहेर राहणाऱ्या पोरीचा खर्च पावतीबाहेरच असतो ना. माझा तर सगळा खर्चच तिथं आहे.

तू गेल्या वर्षीही फॉर्म भरला होतास ना? तेव्हा का नाही मिळाली?

भरला होता, आणि इंटरव्ह्यूलाच बाहेर पडले. खरं सांगायचं तर माझीच चूक.

फॉर्ममध्ये एक पान असतं, "वर्षाचा खर्च" आणि समोर "पैसे कुठून येणार". मी काय केलं, वाटलं की जितका मोठा आकडा तितकी कीव येईल, तर आख्खी फी लिहून टाकली १,०१,०००, त्यात विकास शुल्क ९,००० आणि उरलेलं शिक्षण शुल्क जे मला भरायचंच नव्हतं. मग रूम, मेस, सगळं मिळून १,७५,०००, पावणेदोन लाख. आणि "पैसे कुठून येणार" मध्ये घरून शून्य. एकदम शून्य. मला वाटलं गरीब दिसायला पाहिजे.

समोर तीन जण बसलेले, त्यातल्या एका बाईंनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "बेटा, शून्य येतंय तर इतके दिवस तू जेवतेयस कुठं?" मला काही सुचेना. मग म्हणाल्या फीची पावती दाखव. पावतीवर भरलेले फक्त ११,५००. तिसरं विचारलं ते तर अजून आठवलं की कान गरम होतात, प्रवासाला मी ४,००० लिहिले होते, त्या म्हणाल्या, "एसटीत तुला अर्धं तिकीट लागत नाही का?" मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि मी दर खेपेला अर्ध्या तिकिटावरच जाते, पण फॉर्ममध्ये पूर्ण लावलेलं.

खोटारडी नव्हते मी, पण कागद खोटा होता. त्यांनी नाही म्हटलं, आणि एक गोष्ट सांगितली जी मी वर्षभर डोक्यात ठेवली, की आम्हाला गरिबी मोजायची नसते, आम्हाला खड्डा मोजायचा असतो. किती कमी पडतंय ते सांग.

मग दुसऱ्यांदा काय वेगळं केलं? तो तक्ता दाखवशील का?

दाखवते, सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. यंदाचा माझा तक्ता असा होता, सगळं दहा महिन्यांचं धरून कारण मे-जूनला मी घरी असते:

विकास शुल्क ९,०००
कॉलेजची इतर किरकोळ फी २,५००
रूम, कॉट बेसिसवर, महिना ३,००० प्रमाणे ३०,०००
मेस, महिना ३,००० प्रमाणे ३०,०००
एसटी, सहा खेपा, अर्धं तिकीट २,०००
पुस्तकं, झेरॉक्स, जर्नल ४,५००
मोबाईल रिचार्ज वगैरे ३,०००
एकूण ८१,०००

शिक्षण शुल्काची ओळ मुद्दाम ठेवली आणि समोर लिहिलं, "शासनाकडून माफ, मागणी नाही". ही ओळ ठेवायचा सल्ला आमच्या कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमधल्या ताईंचा, त्या म्हणाल्या की ती ओळ नसली तर समोरच्याला शंका येते की लपवली की विसरली.

मग दुसरी बाजू. माझे वडील, आबा, कापसातून ३०,००० देऊ शकतात. मामा १०,००० देतो, दरवर्षी, दिवाळीत. म्हणजे ४०,०००. ८१ मधून ४० गेले, खड्डा ४१,०००. एवढंच मागितलं. मिळाले ४०,०००. हजार रुपयांचं मी बघून घेईन, सहा खेपांच्या तीन करेन.

बघा, पावणेदोन लाख मागितले तर शून्य मिळाले, आणि एक्केचाळीस मागितले तर चाळीस.

पण घरून पैसे देतो म्हटलं तर "मग तुला गरज काय" असं नाही का म्हणत?

उलट. देणारा माणूस स्वतः कुठंतरी काटकसर करूनच देतो, त्याला बघायचं असतं की घरचेही जोर लावतायत. तिथं शून्य दिसलं की दोनच अर्थ निघतात, एकतर खोटं लिहिलंय, नाहीतर घरच्यांना पोरीच्या शिक्षणाचं पडलेलं नाही आणि मग ही मधेच कॉलेज सोडेल. दोन्ही वाईट. आमची माय तर सरळ म्हणाली, "जे शे ते लिख, कसानी लाज?" मी तिचं गेल्या वर्षी ऐकलं असतं तर वीस हजाराचे दोन हप्ते तेव्हाच आले असते.

आमच्या बँकेत कापसाचे दीड लाख जमा दिसतात आणि उत्पन्नाचा दाखला ९६ हजाराचा. हे कसं समजवायचं?

हे खानदेशातल्या प्रत्येक घराचं दुखणं आहे, केळीवाल्यांचं तर अजून मोठं, तिथं एका गाडीचे लाखात पैसे येतात आणि खात्यावर बघणारा म्हणतो अरे हे तर श्रीमंत. मला पण इंटरव्ह्यूला पासबुक उघडून विचारलं.

मी एक साधं पान लिहून नेलं होतं, आबांना शेजारी बसवून. २२ क्विंटल कापूस, ७,००० भावानं १,५४,००० आले. आता खर्च. बियाण्याच्या आठ पिशव्या, नऊशेच्या हिशोबानं ७,२००. खतं २४,०००. फवारणी १६,०००. नांगरट, वखरणी, निंदणी मिळून २०,०००. वेचणी किलोला दहा रुपये, म्हणजे २२ क्विंटलला २२,०००. गाडीभाडं, हमाली २,८००. झाले ९२,०००. हातात राहिले ६२,०००. उन्हाळ्यात आबा दुसऱ्याकडे कामाला जातात आणि माय निंदणी-वेचणीला जाते त्याचे वर्षाचे ३४,०००. दोन्ही मिळून ९६,०००, आणि तहसीलदारांच्या दाखल्यावर तेवढेच आहेत.

पासबुकातले दीड लाख ही विक्री आहे, उत्पन्न नाही. हे आपल्याला माहीत असतं पण समोरच्याला शेतीतलं माहीत असेलच असं नाही, म्हणून पान लिहून न्या. पावत्या जितक्या आहेत तितक्या जोडा, कृषी केंद्राची बिलं तर असतातच, वेचणीच्या मजुरीची पावती कोणाकडे नसते, ती साध्या कागदावर लिहिलेली चालली. आबा आधी चिडले होते, "आता पोरगी मले हिशोब इचारस" म्हणून, पण लिहायला बसलो तर त्यांनाच शेवटी धक्का बसला की फवारणीत एवढे जातात.

कागदपत्रं कोणती लागली?

जास्त काही नाही. उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, रेशनकार्ड, दहावी-बारावी आणि पहिल्या वर्षाच्या मार्कशीट, कॉलेजचं बोनाफाईड, फीची पावती, रूम मालकाची चिठ्ठी, मेसचं बिल, पासबुकची झेरॉक्स.

यात दोन जागी लोक अडकतात. एक, उत्पन्नाचा दाखला. सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज जातो, त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि जून-जुलैला आख्ख्या तालुक्याची पोरं तिथंच रांगेत असतात. दाखल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न लिहिलंय ते तिथंच उभं राहून वाचा, जुन्या वर्षाचा निघाला की परत हेलपाटा. एप्रिल-मे मध्ये काढून ठेवला तर निवांत. दुसरं म्हणजे नाव. माझ्या आधारवर आबांचं नाव एका स्पेलिंगनं, मार्कशीटवर दुसऱ्या. ट्रस्टनं चालवून घेतलं पण महाडीबीटीत असले फॉर्म परत येतात, त्याला सगळे "सेंड बॅक आला" म्हणतात, आणि परत आलेला फॉर्म तारखेच्या आत दुरुस्त करून पाठवला नाही तर वर्ष गेलं. तर लॉगिन करून आठवड्यातून एकदा बघत जा, मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

जात वैधता हा वेगळाच विषय आहे, ज्यांना लागते त्यांनी अकरावीतच अर्ज टाका, बस.

घरी बघायला येतात म्हणे?

हो, आमच्याकडे आले होते, एक निवृत्त सर, शनिवारी दुपारी, सांगून आले. मायनं सकाळपासून घर सारवायला घेतलं आणि शेजारून खुर्ची आणली. सरांनी खुर्चीवर न बसता ओट्यावरच बसून घेतलं. काय बघितलं तर लाईट बिल, जनावरं किती, भाऊ कुठं शिकतो, आणि गंमत म्हणजे दारातली मोटरसायकल. आबा घाबरले. सरांनी विचारलं किती सालची, आबा म्हणाले सेकंडहँड घेतली, मंडीत आणि शेतात जायला. त्यांनी लिहून घेतलं आणि संपलं. गाडी किंवा मोबाईल दिसला म्हणून नाकारत नाहीत, लपवलेली दिसली तर नाकारतात. ते सरच जाताना म्हणाले की एका घरी पोरानं फ्रीज चादरीखाली झाकला होता आणि बोलता बोलता कॉम्प्रेसर चालू झाला. शेवभाजी-भाकरी खाऊनच गेले, एवढं तिखट कसं खाता म्हणत तीन ग्लास पाणी पिले.

पैसे कधी आले? अॅडमिशनच्या वेळी उपयोग होतो का?

नाही होत, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. फॉर्म जुलैत, इंटरव्ह्यू सप्टेंबरात, पहिला हप्ता नोव्हेंबरात. आणि खर्चाचा डोंगर असतो ऑगस्टला, रूमचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची मेस, विकास शुल्क. तेव्हाच घरात पैसा नसतो कारण कापूस वेचायला दसरा-दिवाळी यावी लागते आणि खतं-फवारणीत सगळं जमिनीत गेलेलं असतं. मी रूम मालकीणबाईंना सांगितलं की दोन महिन्यांचं भाडं दिवाळीनंतर देते, मामानं त्याचे दहा हजार आधी दिले, विकास शुल्काचे कॉलेजनं दोन तुकडे करून दिले, लेखी अर्ज दिल्यावर. अर्ज प्राचार्यांच्या नावानं, आणि त्याच्या झेरॉक्सवर आवक नंबरचा शिक्का मारून घ्या, तोंडी कोणी हो म्हटलं तर ते काउंटर बदललं की विसरलं जातं.

माझ्या मैत्रिणीचे पैसे बँकेतून परत गेले. असं का होतं?

माझेही गेले होते! पहिला हप्ता. शाळेत असताना झिरो बॅलन्स खातं काढलं होतं, तेच दिलं. त्या खात्यावर दोन वर्षांहून जास्त काही व्यवहारच केला नव्हता, असं खातं बँक निष्क्रिय करते, केवायसी परत करावी लागते. ट्रस्टचा एनईएफटी गेला आणि परत आला, मला कळलं दहा दिवसांनी. आधार, पॅन, फोटो घेऊन गावच्या ब्रँचला गेले, एक दिवस लाईनीत, मग चालू झालं. तर फॉर्म भरायच्या आधी त्या खात्यात शंभर रुपये टाका आणि काढा, चालतंय ना बघा.

आणि एक गोंधळ असा की ट्रस्टचे पैसे तुम्ही दिलेल्या खाते नंबरवर येतात, पण सरकारी थेट जमा होणारे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, मग तुम्ही फॉर्मवर कोणता का नंबर लिहा. दोन बँकांत खाती असतील तर आधार ज्या एका खात्याला शेवटचं जोडलं तिथं जातात. "खात्याला आधार लिंक आहे" असं बँकेत म्हणतात ते वेळेला फक्त केवायसीचं असतं, तुम्ही विचारायचं की डीबीटीसाठी सीडिंग झालंय का. यूआयडीएआयच्या साईटवर आधारनं लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही. पैसे आलेच नाहीत म्हणून ओरडणाऱ्या आमच्या वर्गातल्या दोघांचे पैसे त्यांच्याच जुन्या खात्यात पडून होते.

सरकारी योजना आणि ट्रस्टची स्कॉलरशिप दोन्ही चालतात का?

ट्रस्टवर अवलंबून. आमच्या ट्रस्टचा नियम एवढाच की एका खर्चासाठी दोन जणांकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि काही नवीन मिळालं तर कळवायचं. घराबाहेर राहणाऱ्यांसाठी सरकारच्या वेगळ्या योजना आहेत, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम, नंदुरबार-साक्रीकडच्या आदिवासी पोरांनी स्वयमचं तर आधी बघा. मी आधार योजनेला अर्ज केला होता, माझं नाव लागलं नाही, जागा ठराविक असतात. ते तक्त्याखाली लिहून दिलं, "अर्ज केला, निवड झाली नाही, पुढे झाली तर कळवेन". पुढच्या वर्षी लागलं तर राहण्या-जेवणाचे पैसे तिथून येतील आणि ट्रस्टकडून मला घेता येणार नाहीत, मग माझी जागा दुसऱ्या कोणालातरी जाईल. काही जण म्हणतात सांगू नको, त्यांना कसं कळणार. अरे, मेसचं बिल तर दर महिन्याला तेच मागतात!

मार्क किती लागतात? मला ६४ टक्के आहेत.

मला पहिल्या वर्षाला ७१ होते, माझ्यासोबत निवड झालेल्या एकाला ६० च्या आसपास. आमच्याकडे मार्क ही चाळणी आहे, शर्यत नाही, म्हणजे पास असावं, विषय राहिलेला नसावा. एटीकेटी आली तर पुढचा हप्ता थांबतो, विषय निघाला की परत चालू. दुसऱ्या ट्रस्टचं वेगळं असेल, फॉर्मवर वाचा. पण ६४ वर घाबरून फॉर्मच न भरणं म्हणजे तुम्ही स्वतःलाच आधी नापास करून टाकलं.

इंटरव्ह्यूला मराठीत बोललं तर चालतं?

मी तर दोन वाक्यं अहिराणीत बोलले, समोरचे सर धुळ्याचे निघाले. काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा तोंडपाठ असू द्या, बाकी त्यांनी फक्त मेसमध्ये काय देतात आणि तिसऱ्या सेमिस्टरला कोणता विषय जड जातोय एवढंच विचारलं.

देणगीदार कोण होते? आभार कसे मानलेस?

कोणाचे पैसे कोणाला गेले ते ट्रस्ट सांगत नाही, आणि मला ते आवडलं, कोणासमोर कायमचं वाकून राहावं लागत नाही. कार्यक्रमात भेटले त्यावरून एवढं कळलं की एक निवृत्त झेडपीचे गुरुजी आहेत, पेन्शनमधून महिन्याला पाचशे देतात. एक जण सुरतला कापड मार्केटमध्ये कामाला गेलेले, आपल्याकडचे कितीतरी लोक तिकडं आहेत, ते म्हणाले मी स्वतः दहावीनंतर फीसाठी थांबलो होतो. बाकी खूप जण आलेच नव्हते. चेक हातात धरून फोटोही काढला नाही त्यांनी, देव त्यांचं भलं करो.

आभाराचं पत्र लिहायला सांगतात, तिथं मी आधी "आपल्या अनमोल सहकार्याबद्दल शतशः ऋणी" वगैरे लिहिलं होतं, दहावीच्या निबंधासारखं. फाडलं. मग हे लिहिलं:

"नमस्कार. तुमचे ४०,००० असे खर्च होतील. ३०,००० मेस, दहा महिने. ९,००० विकास शुल्क. १,००० जर्नल आणि झेरॉक्स. गेल्या वर्षी पैसे वाचवायला मी रात्रीचा डबा बंद केला होता आणि बिस्किटांवर काढायचे, यंदा दोन्ही वेळ जेवतेय. तिसऱ्या सेमिस्टरला मॅथ्स जड जातंय. निकाल लागला की मार्कशीट पाठवेन. घरचं काम कापूस वेचणीचं चालू आहे, आबांनी नमस्कार सांगितलाय."

ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला की गुरुजींनी हे पत्र दोनदा वाचायला लावलं. त्या बिस्किटाच्या ओळीवर मायला मात्र वाईट वाटलं, तिला माहीत नव्हतं. तर घरच्यांना आधी वाचून दाखवा.

मला पण देणगी द्यायची असेल तर?

एका चुलत्यांनी विचारलं म्हणून लिहिते. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का आणि ८०जी आहे का ते विचारा, पावती घ्या, आणि दोन हजाराच्या वर रोख देऊ नका, त्यावर ८०जी ची सूट मिळत नाही. जुनी टॅक्स पद्धत निवडली असेल तरच सूट आहे हे पण बघा.

स्कॉलरशिप खोटी आहे हे कसं ओळखायचं?

पैसे मागितले की खोटी. प्रोसेसिंग फी, फॉर्म फी, "तुमची निवड झाली, १,५०० भरा", सगळं खोटं. ओटीपी मागितला तरी तेच. खरा ट्रस्ट तुमची फीची पावती मागतो, फी नाही.

तू माझा फॉर्म भरून देशील का?

भरून नाही देणार, कारण इंटरव्ह्यूला आकडे तुम्हाला सांगायचेत. पण तक्ता बघून देईन. मी सुट्टीत घरी येतेय, अमळनेरला बाजाराच्या दिवशी दुपारनंतर वाचनालयात बसेन. येताना फीची पावती, मेसचं बिल आणि पासबुक आणा, आणि शक्यतो आबांना किंवा मायला सोबत आणा, कारण घरून किती देता येईल हा आकडा तुम्हाला एकट्याला सांगता येत नाही, मलाही आला नव्हता.